मेंदूच्या शिरेतली गुठळी आणि एमआर व्हेनोग्राफी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रेडिओलॉजिस्ट आहे. रोज एमआरआय वाचणं हे माझं काम. "बायकोच्या रिपोर्टात असं असं लिहिलंय, म्हणजे काय?" अशा आशयाचे प्रश्न वर्षानुवर्षं येत आहेत, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. समजायला सोपं जावं म्हणून एकाच पेशंटची गोष्ट मधूनमधून येईल. ती 27 वर्षांची आहे. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

1. रिपोर्टमध्ये 'सायनस थ्रॉम्बोसिस' आहे. हिला सर्दीचा, सायनसचा त्रास आहेच. त्यातूनच झालं का?

बहुतेक वेळा नाही. नाव एकच असलं तरी वस्तू दोन आहेत. सर्दीत भरतात त्या नाकाभोवतीच्या हवेच्या पोकळ्या. इथला सायनस म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या दोन पदरांमधला रक्ताचा रुंद पाट. मेंदूतलं वापरून झालेलं रक्त बारीक शिरांमधून या पाटांत येतं. एक पाट डोक्याच्या मध्यरेषेवरून पुढून मागे जातो. मागे पोचल्यावर त्याला उजवी-डावी अशा दोन आडव्या शाखा फुटतात. रिपोर्टात 'ट्रान्सव्हर्स सायनस' म्हणतात त्या ह्याच. त्या कानामागून वळून मानेतल्या मोठ्या शिरेला मिळतात.

या पाटात रक्त गोठलं की पुढचा निचरा अडतो आणि मागे दाब वाढत जातो. नेहमीच्या पक्षाघातात मेंदूला रक्त आणणारी नळी बंद होते, इथे नेणारी बंद होते. म्हणून हा आजार मिनिटांत नाही, दिवसांत चढतो. कानाच्या किंवा खोल सायनसच्या जंतुसंसर्गातून गुठळी होऊ शकते, पण ती वाट हल्ली क्वचितच दिसते.

आणखी एक गैरसमज. घरचे लोक 'डोक्यात गाठ आहे' असं ऐकून येतात आणि कॅन्सर समजून रडत बसतात. ही गाठ नव्हे, गुठळी आहे. ती औषधाने विरघळू शकते.

2. अर्धशिशी तर निम्म्या बायकांना असते. हे डोकं दुखणं वेगळं आहे हे ओळखायचं कसं?

या आजारात दहापैकी जवळपास नऊ जणांचं डोकं दुखतं. दुखणं किती तीव्र आहे यावरून फारसं कळत नाही. ते कसं वागतं ते पाहावं लागतं.

आमच्या पेशंटचं डोकं गौरी-विसर्जनाच्या संध्याकाळी दुखायला लागलं. दगदगीने दुखत असेल म्हणून ती लवकर आडवी झाली, तर दुखणं वाढलं. अर्धशिशीच्या माणसाला अंधाऱ्या खोलीत पडून बरं वाटतं. हिला पडवेना. तीन रात्री ती भिंतीला पाठ लावून बसून होती. आडवं झाल्यावर डोक्यातला दाब आणखी वाढतो, म्हणून असं होतं. खोकताना, शिंकताना, शौचाला जोर करताना वाढणारं दुखणंही याच कारणाने असतं.

चौथ्या दिवशी उलट्या झाल्या. पित्त म्हणून औषध मिळालं. पाचव्या दिवशी केर काढायला वाकली तेव्हा डोळ्यांपुढे दोन-तीन सेकंद अंधार आला आणि गेला. असं दिवसातून चार-पाचदा झालं. हे तिने कोणाला सांगितलंच नाही, कारण 'अशक्तपणा असेल'. माझ्या दृष्टीने सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच होती. डोळ्यामागच्या नसेवर दाब आल्याचं ते लक्षण.

म्हणजे दुखण्याची जुनी सवय नसताना ते नव्याने सुरू झालं, किंवा जुन्या अर्धशिशीने चालच बदलली, रोज थोडं थोडं चढत गेलं आणि आडवं पडून वाढलं, तर डॉक्टरांना हे याच शब्दांत सांगा. दोन दिसणं, आकडी येणं, एका हातापायातली ताकद जाणं किंवा गुंगी यांपैकी काही असेल तर वाट पाहू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात जा. काहींचं दुखणं क्षणात, टाळक्यात वीज पडल्यासारखं सुरू होतं. मेंदूत रक्तस्राव झाल्यावरही ते तसंच सुरू होतं, त्यामुळे तेव्हाही थांबायचं नसतं.

3. सीटी स्कॅन नॉर्मल आला आहे. मग आणखी एमआरआय कशाला? पैसे उकळायचे म्हणून का?

शंका येणं साहजिक आहे, पण इथे दुसऱ्या तपासणीला खरं कारण आहे. साधा सीटी या आजारात बऱ्याचदा नॉर्मल दिसतो. ताजी गुठळी सीटीवर पांढरट दिसते खरी, पण तसं ठळक चित्र साधारण तिघांपैकी एकातच मिळतं. एक-दोन आठवड्यांनी तोही पांढरेपणा विरतो. शिवाय आडवा सायनस कवटीच्या हाडाला चिकटून जातो, आणि हाडाच्या झगमगाटात तो हरवतो.

आमच्या पेशंटचा सहाव्या दिवशीचा सीटी 'नॉर्मल' म्हणून गेला होता. निदान कळल्यावर मी तो परत उघडला. उजवीकडे थोडा पांढरेपणा होता. उत्तर माहीत असताना तो दिसला. आधी मलाही दिसला असता, असं छातीठोक सांगणार नाही.

सातव्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा तपासला आणि दोन्ही नसांच्या तोंडाशी सूज आहे असं लिहून दिलं. त्या एका ओळीवर एमआरआय आणि व्हेनोग्राफी, म्हणजे शिरांची चित्रं, झाली. जवळपास एमआरआय नसेल तर शिरांसाठी वेळ साधून काढलेला इंजेक्शनचा सीटी, म्हणजे सीटी व्हेनोग्राफी, हाही चांगला पर्याय आहे. तालुक्याच्या गावी तोच आधी मिळेल.

4. एमआर व्हेनोग्राफीत नक्की काय करतात? इंजेक्शन घ्यावंच लागतं का?

मशीन तेच, आवाज तोच. फक्त काही जादा चित्रं काढतात. सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आसपास काम होतं. पद्धती तीन आहेत, आणि पुढची दोन उत्तरं समजायला त्या माहीत हव्यात.

पहिलीचं नाव टाइम ऑफ फ्लाइट. हिच्यात इंजेक्शन लागत नाही. एका पातळ कापातल्या स्थिर भागांचा सिग्नल मशीन दाबून टाकतं, आणि त्या कापात नव्याने वाहत आलेलं रक्त उजळ दिसतं. धमन्या मधे येऊ नयेत म्हणून खालून वर येणाऱ्या रक्ताचा सिग्नल आधीच मारलेला असतो. दुसरी फेज कॉन्ट्रास्ट. नावात कॉन्ट्रास्ट असलं तरी इंजेक्शन हिलाही नको. ही वाहण्याचा वेग मोजते. रक्त हललं नाही तर काहीच दिसत नाही. तिसरीत गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन शिरा भरताना पाहतात. सर्वांत भरवशाची हीच, पण मूत्रपिंड फारच कमजोर असेल तर ती विचार करूनच करावी लागते आणि गरोदरपणात आम्ही ती टाळतो.

5. रिपोर्टमध्ये 'डावा ट्रान्सव्हर्स सायनस नीट दिसत नाही' असं आहे. म्हणजे गुठळीच ना?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. उत्तर: बहुधा नाही, पण तेवढ्यावर सोडूनही देता येत नाही.

उजवा आणि डावा आडवा सायनस सारखेच असतात असं नाही. बऱ्याच लोकांत उजवा मोठा आणि डावा जन्मतःच बारीक असतो. बारीक पाटातून संथ वाहणारं रक्त टाइम ऑफ फ्लाइटच्या पद्धतीला पकडता येत नाही. त्यातून रक्त कापाला समांतर वाहत असेल तर त्याचा सिग्नल आपोआप विझतो. एमआरआय नॉर्मल असलेल्या लोकांच्या एका जुन्या पाहणीत साधारण 31 टक्क्यांमध्ये आडव्या सायनसमध्ये अशी रिकामी जागा आढळली होती, आणि तीही बारीक बाजूलाच. म्हणजे काहीही झालेलं नसताना दर तिसऱ्या माणसाच्या चित्रात पाट तुटलेला दिसू शकतो.

मग ओळखायचं कसं? आम्ही फिरत्या त्रिमितीय चित्रावर थांबत नाही, मूळ काप बघतो. सायनस जन्मतः बारीक असेल तर त्याच्यासाठी हाडात असलेली खाच आणि कवटीच्या तळाशी मानेकडे जाणारं भोकही त्याच बाजूला लहान असतं. हाड एका आठवड्यात लहान होत नाही. गुठळी असेल तर मात्र पाट पुरेसा रुंद असतो, कधी फुगलेलाही असतो, आणि आत वाहतं रक्त नसून भरलेला ऐवज असतो. साध्या एमआरआयच्या कापांत वाहतं रक्त काळं दिसतं. तिथे काळं न दिसता करडं किंवा पांढरं दिसलं तर शंका पक्की होते.

सायनसमध्ये गोल, स्पष्ट कडेचा छोटा खड्डाही दिसतो. मेंदूभोवतीचं पाणी रक्तात मुरवणारे नैसर्गिक फोड तिथे असतात. ते गुठळी नव्हेत. रिपोर्टात 'अरॅक्नॉइड ग्रॅन्युलेशन' असं लिहिलं असेल तर घाबरायचं कारण नाही.

6. उलटं होऊ शकतं का? म्हणजे गुठळी आहे, पण व्हेनोग्राफी ठीक दिसते?

होतं. आमच्या पेशंटचं नेमकं हेच झालं, म्हणून ही गोष्ट निवडली.

आठव्या दिवशी तिची टाइम ऑफ फ्लाइट व्हेनोग्राफी झाली. पहिल्या नजरेत डावा सायनस गायब होता आणि उजवा भरलेला दिसत होता. घाई केली असती तर 'डावीकडे गुठळी' असा रिपोर्ट गेला असता. किंवा प्रश्न 5 मधलं शहाणपण अर्धवट लावून 'डावा जन्मतः बारीक, बाकी नॉर्मल' असा गेला असता. दुसरा रिपोर्ट जास्त धोक्याचा, कारण तो ऐकायला शहाणा वाटतो.

डावीकडचं हाडातलं भोक खरोखरच लहान होतं. म्हणजे डावा निर्दोष. पण मग डोळ्यांच्या नसांना सूज कशाने? उजव्या सायनसकडे परत पाहिलं तर त्याचा उजळपणा शेजारच्या पाटांपेक्षा जरा मळकट आणि खरबरीत होता. टी-वन नावाच्या साध्या कापांतही तो पांढरा होता, जो वाहत्या रक्ताने काळा दिसायला हवा.

कारण गुठळीच्या वयात आहे. पहिले चार-पाच दिवस गुठळी टी-टू नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या चित्रात काळी असते, अगदी वाहत्या रक्तासारखी, आणि फसवते. पुढे तिच्यातल्या हिमोग्लोबिनचं रूप पालटतं आणि आठवड्याच्या सुमाराला ती टी-वनमध्ये आपणहून चमकू लागते. टाइम ऑफ फ्लाइट हेही मुळात टी-वनच्याच कुळातलं. त्यामुळे गुठळीची चमक वाहत्या रक्ताची चमक म्हणून खपून जाते. मी तंत्रज्ञाला फेज कॉन्ट्रास्ट घ्यायला सांगितलं. त्यात उजवीकडे शून्य. नंतर इंजेक्शन दिलं, तर सायनसच्या कडा भरल्या आणि मधला भाग भरला नाही. गुठळी उजव्या आडव्या सायनसपासून कानामागच्या वळणापर्यंत होती. मोठा पाट बंद, बारीक पाटावर सगळा भार, आणि म्हणून दाब इतका चढलेला.

दुसरी फसगत म्हणजे पाट सगळे मोकळे आणि मेंदूच्या पृष्ठभागावरची एखादीच शीर गोठलेली. एवढी बारीक शीर व्हेनोग्राफीत मुळात दिसतच नाही. तिथे रक्ताच्या लोहाला संवेदनशील असलेली चित्रं, म्हणजे एसडब्ल्यूआय, लागतात, ज्यांत गोठलेली शीर काळ्या दोरीसारखी उठून दिसते. आकडी आली आणि व्हेनोग्राफी नॉर्मल असेल तर 'एसडब्ल्यूआय काढलं होतं का' एवढं जरूर विचारा.

7. गौरी-गणपतीसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या. त्यांनीच झालं का?

एकट्या त्यांनी असं म्हणता येत नाही, पण त्यांना मोकळंही सोडता येत नाही. या गोळ्यांत बहुधा नोरेथिस्टेरॉन असतं, 5 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोन-तीनदा. ते इस्ट्रोजेन नसलं तरी शरीरात त्याचा थोडा भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याकडे झुकतं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी या आजाराचा धोका पाच ते सात पटींनी वाढतो. मूळ धोका वर्षाला लाखात एक-दोन इतकाच असतो, म्हणून गोळ्या घेणाऱ्या बहुतेकींना काहीच होत नाही.

होतं ते अनेक कारणं एकत्र आल्यावर. आमच्या पेशंटने दहा दिवस गोळ्या घेतल्या, त्यात हरितालिकेचा निर्जळी उपवास केला आणि नंतर चार दिवस चुलीपुढे उभी होती. हिमोग्लोबिन 8.4 होतं, आणि लोहाच्या कमतरतेतही रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. गोळ्या तिने चिठ्ठीशिवाय आणल्या होत्या. पहिल्या भेटीत "काही औषध चालू आहे का?" या प्रश्नाला तिने नाही म्हटलं. ती खोटं बोलली नाही, तिच्या लेखी ते औषधच नव्हतं. म्हणून आता मी थेट विचारतो: पाळीच्या गोळ्या घेतल्या का?

8. बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी डोकं दुखतंय. पाठीत इंजेक्शन दिलं होतं, त्याचं असेल ना?

असू शकतं, पण एक फरक पाहा. पाठीतल्या इंजेक्शनच्या छिद्रातून पाणी झिरपल्याने होणारं दुखणं बसल्यावर-उठल्यावर वाढतं आणि आडवं झालं की उतरतं. ते बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू होतं. गुठळीचं दुखणं उलट वागतं (प्रश्न 2). आधी इंजेक्शनसारखं दुखणारं डोकं नंतर आडवं पडूनही दुखायला लागलं, तर तो बदल म्हणजेच धोक्याची खूण.

बाळंतपणानंतरचे सहा आठवडे, त्यातही पहिले दोन-तीन, जास्त जोखमीचे. शरीराने रक्तस्राव थांबवण्यासाठी रक्त घट्ट करून ठेवलेलं असतं. त्यात काही घरांत बाळंतिणीला पाणी मोजून देतात, 'पोट सुटेल' म्हणून. शेक-शेगडी चालू, घाम वाहतोय आणि पाणी दोन भांडी! आजीबाईंच्या अळीव-डिंकाबद्दल माझी तक्रार नाही, पाण्याबद्दल आहे. तहान लागेल तेवढं पाणी द्या.

9. एमआरआयमध्ये मेंदूत रक्तस्रावही दिसतोय, तरी डॉक्टर रक्त पातळ करायचं इंजेक्शन देताहेत. चूक तर होत नाही ना?

नाही. ऐकायला उफराटं वाटतं, पण इथे रक्त फुटतं ते निचरा अडल्यामुळे, मागच्या दाबाने. पाट मोकळा केल्याशिवाय तो दाब उतरत नाही. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या एका छोट्या चाचणीत हेपरिन दिलेले रुग्ण न दिलेल्यांपेक्षा स्पष्टपणे सुधारले, आणि आधीच रक्तस्राव झालेल्यांनाही ते धोक्याचं ठरलं नाही. तेव्हापासून हाच उपचार रूढ आहे.

सुरुवातीला पोटाच्या त्वचेखाली हेपरिनच्या जातीचं इंजेक्शन वजनाप्रमाणे देतात, नंतर गोळ्या. आकडी आली असेल तर तिचं औषध वेगळं चालतं. नजर जायला लागली किंवा शुद्ध हरपत असेल तर मात्र नुसत्या औषधावर राहत नाहीत, कधी कवटीचा तुकडा काढून जागा करून द्यावी लागते. फार क्वचित.

10. गोळ्या किती महिने? आणि चार महिन्यांनी गुठळी 'थोडी शिल्लक' दिसतेय, औषध लागू पडलं नाही का?

कारण सापडलं असेल आणि ते पुन्हा येणार नसेल, तर 3 ते 6 महिने. कारण सापडलं नाही तर 6 ते 12. पुन्हा पुन्हा गुठळ्या होत असतील तर कायम. गोळी वॉरफेरिनची असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा, 2 ते 3 मध्ये ठेवतात. पालक-मेथी पूर्ण बंद करायची गरज नाही, रोजचं प्रमाण सारखं ठेवा. डाबिगाट्रानसारख्या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या आजारात डाबिगाट्रान वॉरफेरिनच्या तोडीची दिसली.

आता शिल्लक गुठळीबद्दल. 3 ते 6 महिन्यांनी पुन्हा व्हेनोग्राफी करतात ती मुख्यतः पुढच्या तुलनेसाठी. आमच्या पेशंटच्या सायनसमध्ये चार महिन्यांनी एक पातळ पडदा राहिला होता, प्रवाह मात्र सुरू होता आणि डोळ्यांची सूज गेली होती. तिच्या गोळ्या सहाव्या महिन्यात थांबल्या. उपचार डोकं, डोळे आणि कारण पाहून थांबवतात, चित्र शंभर टक्के स्वच्छ होण्याची वाट पाहत नाहीत. हे पहिलं-दुसरं चित्र जपून ठेवा. पुढे कधी डोकं दुखलं तर जुनं काय आणि नवं काय हे फक्त त्यावरून कळतं.

11. प्रोटीन सी, प्रोटीन एस कमी आलं आहे. आनुवंशिक आहे का? बहिणीचीही तपासणी करू?

ही प्रथिनं रक्ताला जास्त गोठू देत नाहीत, म्हणून ती कमी दिसली की भीती वाटते. पण आधी तारीख बघा. ताजी गुठळी, वॉरफेरिन आणि गरोदरपण या सगळ्यांत हे आकडे खोटे कमी येऊ शकतात. औषध थांबवून काही आठवड्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय बहिणीला घाबरवू नका. होमोसिस्टीन मात्र लगेच पाहण्यासारखं आहे, रक्तात ते वाढलं की गुठळीचा धोका वाढतो. शाकाहारी घरांत बी-12 कमी असल्याने ते वाढलेलं सापडतं आणि त्यावर औषध आहे. रक्त गोठवायला लावणाऱ्या प्रतिपिंडांची, म्हणजे अँटिफॉस्फोलिपिडची, तपासणी पक्की पॉझिटिव्ह आली, म्हणजे 12 आठवड्यांच्या अंतराने दोनदा, तर नव्या गोळ्यांऐवजी वॉरफेरिनच बरं.

12. 2021 मध्ये कोविशील्ड घेतली होती. आता गुठळी झाली, ती त्यामुळेच का?

नाही. लशीशी जोडलेला तो दुर्मीळ आजार लस घेतल्यावर सुमारे पहिल्या महिना-दीड महिन्यात होत असे, आणि त्यात प्लेटलेट्स घसरलेल्या असत. वर्षांनंतर नव्हे.

13. पुन्हा मूल हवं आहे. आणि तोपर्यंत गर्भनिरोधक काय?

गर्भधारणेला बंदी नसते. पण वॉरफेरिन गर्भाला घातक आहे आणि नव्या गोळ्याही गरोदरपणात चालत नाहीत, म्हणून दिवस जाण्याआधीच बोलून घ्या. अशा बायकांना गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे बहुधा हेपरिनच्या जातीची इंजेक्शनं देतात. अंगावर पाजताना वॉरफेरिन चालतं.

इस्ट्रोजेनच्या गोळ्या कायमच्या बाद, आणि पाळी ढकलायच्याही. तांबी चालते, पण रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना पाळी आधीच जास्त जाते, तेव्हा तांबीने आणखी भर पडू शकते. आमच्या पेशंटने दुसऱ्या वर्षी विचारलं, "मग गौरीच्या दिवशी पाळी आली तर?" तिच्या सासूबाईंनीच उत्तर दिलं: "येऊ दे. नैवेद्य मी करते."

14. व्हॉट्सॲपवर फिल्मचा फोटो पाठवला तर सांगाल का गुठळी आहे की नाही?

नाही सांगणार. फोटोत येतं ते फिरत्या चित्राचं एकच दृश्य, आणि प्रश्न 6 मध्ये त्यानेच फसवलं असतं. दुसरं मत हवं असेल तर सेंटरकडून सगळ्या कापांची सीडी किंवा लिंक मागून घ्या, सोबत आधीचा सीटी द्या. आणि डोकं कोणत्या तारखेला दुखायला लागलं ते चिठ्ठीवर लिहून द्या. गुठळीचं वय कळल्याशिवाय तिचा रंग वाचता येत नाही.